शंभर रुपये कुठं गेले?

(गावाकडून नव्यानं आलेल्या कंत्राटी कामगार पोरांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलं आहे. मधली गडबड तेवढी गाळली.)



मी इथं कविता वाचणार असं समजून काही जण पुढं येऊन बसलेत. त्यांची माफी मागतो. आज एक हिशेब सांगणार आहे. हिशेब माझ्याच घरचा आहे आणि त्यात माझी लाज पण आहे, म्हणून एवढे दिवस कुणाला सांगितला नव्हता. परवा आपल्यातलंच एक पोरगं फोनवर आपल्या आईवर ओरडताना ऐकलं, "पैसे पुरते पाठवलेत मी, तूच कुठंतरी सांडलेस." ते ऐकलं आणि ठरवलं, आता बोलायचं. कारण हेच वाक्य मी पण एकदा बोललोय.

२०२३ सालचा जून. अंबड तालुक्यातलं आमचं गाव सोडून मला दीड महिना झाला होता. धक्क्यावर मुकादमाच्या हाताखाली कंत्राटी काम. पाळीला ५५० रुपये, रोख. पहिल्या पुऱ्या महिन्यात बावीस हाजऱ्या भरल्या. म्हणजे १२,१०० रुपये. त्यातून खाणावळीचे ३,५०० गेले, झोपायच्या जागेचे १,५०० गेले, मुकादमाची उचल ६०० होती ती कापली. हातात राहिले साडेसहा हजार. आयुष्यात पहिल्यांदा एवढे पैसे माझे म्हणून मी हातात धरले. आणि त्यातले सहा हजार माझे नव्हतेच. ते गावातल्या किराणा दुकानदाराचे होते.

बाप आजारी पडला आणि गेला, त्या वर्षी मायनं किराणा उधार आणला. वहीत आमच्या नावावर सहा हजार. तो दुकानदार मायला दुकानात चढू द्यायचा नाही असं नाही, आता तसं उघड करता येत नाही. पण चारचौघांत तो वही काढायचा आणि आमचं पान उघडून मोठ्यानं आकडा वाचायचा. मायला एवढंच पाहिजे होतं की त्या पानावर एक आडवी रेघ पडावी. मी येताना तिला म्हणालो होतो, पहिला पगार त्या रेघेसाठी.

आता पैसे पाठवायचे कसे? माझं बँकेत खातं होतं, शाळेत असताना काढलेलं, तालुक्याच्या गावी. त्याला जोडलेला मोबाईल नंबर केव्हाच बंद पडलेला. म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची वाट बंद. पगार रोख. बँक उघडी असते तेव्हा मी पाळीवर. तुमच्यातल्या निम्म्यांची हीच गत आहे, मला ठाऊक आहे. मग आपण जातो कुठं, तर स्टेशनाजवळच्या दुकानात. मोबाईलची कव्हरं, रिचार्ज, झेरॉक्स आणि बाहेर पाटी: पैसे पाठवा, एका मिनिटात. पाटीवर मिनिट लिहिलेलं असतं, पण दर लिहिलेला नसतो.

मी गेलो. मायच्या खात्याचा नंबर आणि बँकेचा कोड कागदावर लिहून नेलेला. माय म्हणते तिचं "मोदीचं खातं", म्हणजे जनधन. दुकानदार म्हणाला, हजाराला वीस. आणि नाव तपासायचे दहा. मी म्हटलं, तपासा. पडद्यावर इंग्रजीत मायचं नाव आलं, बापाच्या नावासकट. ते बघून मला इतकं बरं वाटलं की दहा रुपये कशाचे हे मी विचारलंच नाही. सहा हजारांवर १३० रुपये दिले. तो म्हणाला, पाच हजारांवर एका फटक्यात जात नाही, दोनदा पाठवावे लागतील, एकदा पाच आणि एकदा एक. मी मान हलवली. पावती मागितली नाही. पावती मागितली तर त्याला वाटेल मी त्याच्यावर संशय घेतो, असं मला वाटलं. बघा आपलं डोकं कसं असतं! पैसे माझे, आणि भीड त्याची.

दोन दिवसांनी मायचा फोन. शेजारच्या पोराच्या फोनवरून. आवाज पडलेला.

"पैसे मिळाले रे बाबा. पाच हजार नऊशे."

"सहा हजार पाठवलेत."

"पाच हजार नऊशेच हायेत. त्यानं वहीत शंभर बाकी ठिवली. रेघ न्हाई मारली. म्हन्ला, पुरे आन, मग मारू."

मी चिडलो. म्हटलं, "तू नीट मोजले न्हाईस. नाहीतर कुठं खर्चलेस." माय गप्प बसली. जिनं पाच-पाच रुपये पदराच्या गाठीत बांधून आम्हांला शिकवलं, तिला मी शंभर रुपयांवरून चोर म्हणालो. तसा शब्द वापरला नाही, पण अर्थ तोच होता आणि तिला तो कळला.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तणतणत दुकानात गेलो. म्हटलं, शंभर रुपये कमी गेलेत, टाक बाहेर. त्यानं शांतपणे मशीन फिरवून पडदा माझ्याकडं केला. ५,००० यशस्वी. १,००० यशस्वी. दोन्हींपुढं बारा आकडी नंबर. पुरते सहा हजार खात्यात गेलेले. चार गिऱ्हाइकांसमोर माझं तोंड उतरलं.

धक्क्यावर आमच्यात एक म्हातारा माणूस होता, आम्ही नाना म्हणायचो. टॅलीचं काम करत आयुष्य गेलेलं. नव्या पोरांना टॅली ठाऊक नसेल तर सांगतो. जहाजातून माल उतरतो तेव्हा हुकाखाली एक माणूस मोजतो, आणि तोच माल शेडात लागतो तेव्हा पुन्हा मोजला जातो. दोन कागद. हुकाखाली दोनशे गोण्या आणि शेडात एकशे अठ्ठ्याण्णव, तर दोन गोण्या वाटेत गेल्या. मग कुणाच्या आईवर ओरडायचं नसतं. कुठल्या टप्प्यावर गेल्या ते कागदावरून बघायचं असतं.

नानाला मी रडगाणं सांगितलं. तो म्हणाला, "तू हुकाखाली मोजलंस आणि मायनं घरी मोजलं. मधल्या शेडात कुणी मोजलं?"

मधलं शेड म्हणजे खातं. पैसे पाठवण्यात तीन जागी मोजावं लागतं. माझ्या हातातून किती गेले, खात्यात किती लागले, आणि मायच्या हातात किती पडले. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यातला फरक मुंबईच्या दुकानानं घेतला. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला गावच्या टोकाला गेला. मी पहिला आणि तिसरा आकडा धरून भांडत होतो, म्हणून चुकीच्या माणसाशी भांडलो.

मायला सांगितलं, तालुक्याला जाशील तेव्हा पासबुक भरून आण. तिनं आणलं. धाकटा भाऊ सातवीत होता, त्यानं फोनवर वाचून दाखवलं. जमा ५,०००. जमा १,०००. नावे ६,०००. नावे म्हणजे खात्यातून निघालेले. म्हणजे खात्यातून निघाले पुरते सहा हजार, आणि हातात पडले पाच हजार नऊशे. मधलं अंतर किती? एक टेबल. गावच्या मिनी बँकेचं टेबल, ज्यावर ते अंगठ्याचं मशीन असतं. त्या पोरानं मायला सांगितलं होतं, "मावशे, शंभर मशीनचे." मायला वाटलं सरकारनंच कापले. ती कुणाला बोलणार?

इथं एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. मिनी बँकवाला हा बँकेचा माणूस म्हणून बसलेला असतो, त्याला बँक मित्र म्हणतात. त्याला त्याचं कमिशन बँक देते. बँकेच्या वतीनं केलेल्या कामासाठी त्यानं गिऱ्हाइकाकडून परस्पर, हातोहात पैसे घ्यायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेला स्वतःला काही आकार घ्यायचा असेल तर तो तिनं उघड सांगितला पाहिजे, आणि तो खात्यातून कापला जातो, पासबुकात उमटतो. म्हणून ओळखायची खूण सोपी आहे. जो आकार पासबुकात दिसतो, त्याबद्दल बँकेला विचारा. जो पासबुकात दिसतच नाही आणि हातातल्या नोटांत कमी पडतो, तो बँकेचा नाही. तो टेबलावरचा आहे. आमचे शंभर रुपये टेबलावरचे होते.

आता मुंबईच्या टोकाकडं येतो. तिथं तर मी भांडलोच नव्हतो. उलट मान खाली घालून परत आलो होतो. जुलै महिन्यात पुन्हा सहा हजार घेऊन त्याच दुकानात गेलो. नानानं पढवलं होतं, आधी एकच प्रश्न विचार: "मायच्या खात्यात पुरते सहा हजार लागायला माझ्या हातून एकूण किती जातील?" टक्का किती, सर्व्हिस किती, तपासायचे किती, असं तुकड्यातुकड्यानं विचारायचं नाही. तुकड्यांत विचारलं की एखादा तुकडा सांगायचा राहतो. एकूण विचारायचं, आणि पैसे हातात देण्याआधी विचारायचं.

तो म्हणाला, १३०. मी म्हटलं, ठीक, पावती छापून द्या. तो मशीनकडं बघत म्हणाला, रोल संपलाय. मी म्हटलं, थांबतो. रोल लगेच सापडला.

त्या कागदाच्या चिटोऱ्यावर काय होतं? ५,००० वर आकार ५०. दुसऱ्या चिठ्ठीवर १,००० वर आकार १०. एकूण साठ. नाव तपासायच्या दहा रुपयांचा कुठं पत्ता नाही. त्यानं घेतले एकशे तीस, कागद म्हणतो साठ. सत्तर रुपये वरचे. म्हणजे जून महिन्यात जे शंभर त्यानं घेतले नव्हते त्यासाठी मी त्याचा गळा धरला होता, आणि जे सत्तर खरंच घेतले होते ते मला माहीतच नव्हते.

मी चिठ्ठी त्याच्यासमोर ठेवली. तो चिडला नाही. म्हणाला, "भाडं आहे, लाईट आहे, कंपनी आम्हांला किती देते ते तुला काय माहीत." खरं असेल त्याचं. त्याला साठातला थोडकाच वाटा मिळत असणार. मी त्याला दरोडेखोर म्हणत नाही. पण तुझं भाडं माझ्या मायच्या किराण्यातून का? आणि घ्यायचंच आहे तर पाटीवर लिही, म्हणजे मी ठरवीन तुझ्याकडं यायचं की पलीकडच्या गल्लीत जायचं. त्यानं पन्नास परत केले. वीस ठेवले. मी ते वीस सोडले, कारण पाळीची वेळ झाली होती. पुढच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत गेलो. तिथं साठच लागले, पावतीसकट.

आता जूनचा सगळा हिशेब मांडू. माझ्या हातातून गेले ६,१३०. मायच्या हातात पडले ५,९००. वाटेत गेले २३०. सहा हजारांवर २३० ऐकायला थोडे वाटतात. पण दर महिन्याला हेच चाललं असतं तर वर्षाचे झाले असते २,७६०. माझी पाळी ५५० ची. म्हणजे वर्षात पाच पाळ्या मी जहाजाच्या पोटात उतरून, उन्हात, घाम गाळून ज्या केल्या असत्या, त्या कुणासाठी? ना मायसाठी, ना माझ्यासाठी. म्हणून आकार टक्क्यांत मोजू नका. टक्का आपल्या अंगाला लागत नाही. हाजरीत मोजा, मग लागतो.

पावतीवर काय बघायचं ते पण सांगून टाकतो, कारण नुसती पावती घेऊन खिशात चुरगाळली तर उपयोग नाही. रक्कम बघा. आकार बघा. खात्याचे शेवटचे चार आकडे आपल्या कागदाशी ताडा. बारा आकडी नंबर आहे का बघा. पैसे अडकले तर तोच नंबर घेऊन माग काढता येतो. आणि पाठवणाऱ्याच्या जागी मोबाईल नंबर कुणाचा आहे ते बघा. माझ्या पहिल्या पावतीवर तो दुकानदाराचाच होता. म्हणजे कागदोपत्री माझ्या मायला पैसे मी पाठवलेच नव्हते, त्यानं पाठवले होते. पैसे मध्येच लटकले असते तर परत त्याच्याकडं आले असते, आणि मी दारात उभा राहून काय सांगितलं असतं? रिझर्व्ह बँकेनं २०२४ साली हा नियम कडक केला. १ नोव्हेंबर २०२४ पासून असे रोख पैसे पाठवणाऱ्याची स्वतःची नोंद करावी लागते, त्याचा मोबाईल नंबर तपासून, ओळखीच्या कागदासह. म्हणून दुकानदारानं आधारची प्रत मागितली तर भिऊ नका. त्या प्रतीवर सही करताना कशासाठी दिली आणि कुठल्या तारखेला, ते दोन शब्द लिहा. पण "राहू दे, माझ्या नंबरावरनं पाठवतो" असं म्हणाला तर तिथून उठा.

आता गावच्या टोकाचं काय झालं? जुलैत माय मिनी बँकेत धाकट्याला घेऊन गेली. धाकट्यानं विचारलं, "दादा, शंभर कशाचे? पासबुकात तर न्हाईत." तो पोरगा आधी हसला, मग म्हणाला, नेट माझं आहे, खुर्ची माझी आहे. शेवटी वीस घेतले. मी म्हटलं, वीस पण द्यायचे नाहीत, तक्रार करू. माय म्हणाली, "तू तिकडं हायेस. मला ह्याच्याच दारात जायचं हाय दर महिन्याला." तिचं बोलणं मला तेव्हा पटलं नाही. पण मग मी तालुक्याच्या बँकेचा हिशेब केला. बँकेत पैसे काढायला फुकट. तिच्यासारख्या साध्या खात्याला महिन्यातून किमान चार वेळा पैसे काढायला आकार नाही. पण जायला यायला एसटीचं तिकीट. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तरी वीस-वीस चाळीस गेले. आणि सबंध दिवसाची मजुरी बुडाली, ती अडीचशे. फुकट म्हणता म्हणता २९० गेले! म्हणजे जी वाट कागदावर बिनपैशाची आहे ती आपल्यासाठी सगळ्यांत महाग पडू शकते. माय अडाणी आहे, पण हा हिशेब तिनं माझ्याआधी केला होता. आता ती औषधाला किंवा दुसऱ्या कामाला तालुक्याला जाते तेव्हाच बँकेतून काढते. एरवी मिनी बँकेत जाते. वीस रुपये देते, पण शंभर देत नाही.

अंगठ्याबद्दल एक सांगायचं राहिलं. माझ्या आजानं सावकाराच्या कागदावर अंगठा दिला होता. कागदावर काय लिहिलंय ते सावकारच वाचून दाखवायचा. आजा गेला तरी तो अंगठा फिटला नव्हता. आता माय मशीनवर अंगठा देते, आणि पडद्यावर काय आहे ते मशीनवालाच वाचून दाखवतो. म्हणून आमच्या घरात आता नियम आहे: पडद्यावरचा आकडा धाकट्यानं वाचल्याशिवाय मायनं अंगठा ठेवायचा नाही. मायला अक्षर येत नाही, पण नोटांवरनं आकडा ओळखते. तिलाही आता जमतं.

हा नियम का केला? त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मशीनवाला म्हणाला, "अंगठा लागला न्हाई, पुन्हा ठेव." पुन्हा ठेवला, दोन हजार मिळाले. नंतर पासबुकात दोन हजार दोनदा नावे पडलेले. माय घाबरली. नाना म्हणाला, घाबरू नको, ह्यात दोन प्रकार असतात. एक, मशीनचा व्यवहार खरंच मध्ये तुटलेला असतो आणि खात्यातून पैसे निघालेले असतात. तेव्हा ते पाच दिवसांच्या आत खात्यात परत आले पाहिजेत, आणि नाही आले तर त्यापुढं दर दिवसाला शंभर रुपये भरपाई बँकेनं द्यायची. हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ सालचा नियम आहे. दुसरा प्रकार वाईट. व्यवहार पुरा झालेला असतो आणि समोरचा खोटंच सांगतो की फेल झाला. ते पैसे आपोआप परत येत नाहीत, कारण बँकेच्या लेखी ते तुम्हांला मिळालेत. म्हणून मशीनवाला फेल म्हणाला की दुसरा अंगठा देण्याआधी फेल झाल्याची चिठ्ठी मागायची, आणि तिथंच खात्यातली बाकी बघायची. बाकी कमी झालेली दिसली तर दुसरा अंगठा द्यायचाच नाही. आमचे दोन हजार चौथ्या दिवशी परत आले. आले नसते तर आधी बँकेत लेखी तक्रार, पोच घेऊन. तीस दिवसांत दाद लागली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. त्याला पैसे लागत नाहीत. १४४४८ ह्या नंबरावर माहिती मिळते.

मी आता काय करतो? एका रविवारच्या पाळीच्या बदल्यात सोमवारची सुट्टी घेतली आणि इथंच मुंबईत बिनशिलकीचं साधं खातं काढलं. आधारवर गावचा पत्ता होता. इथं राहतो तो पत्ता मीच लिहून, सही करून दिला, तो चालला. माझ्या आजच्या मोबाईल नंबरावर खातं जोडलं. पगार अजून रोखच मिळतो, तो खात्यात भरतो आणि फोनवरून यूपीआयनं मायच्या खात्यात टाकतो. माणसानं माणसाला असे पाठवायला आज आकार लागत नाही. माझ्या टोकाचे १३० होते, साठ झाले, आता शून्य आहेत. एक सुट्टी बुडाली, ५५० गेले. महिन्याचे साठ वाचले, तर ते दहा महिन्यांत वसूल होतात. पण यूपीआयमध्ये पैसे चुकीच्या खात्यात गेले तर परत आणायला नाकी नऊ येतात. म्हणून पहिल्यांदा एक रुपया पाठवा, मायला विचारा लागला का, आणि मगच बाकीचे पाठवा. दुकानात नाव तपासायला मी दहा मोजले होते, इथं तीच खात्री एका रुपयात होते, आणि तो रुपया पण मायलाच मिळतो.

दोस्तांनो, बाबासाहेबांनी १९२३ साली लंडनमध्ये रुपयावर अख्खा ग्रंथ छापला. आपण त्यांचा फोटो लावतो, जयंतीला वर्गणी देतो, आणि आपल्या घामाच्या रुपयाची पावती मागायला लाजतो. सरकारचा रुपया कुठं जातो हे त्या माणसानं जगाला विचारलं. माझे शंभर कुठं गेले एवढं तरी मी विचारू नये?

त्या शंभराचं पुढं काय झालं ते सांगून थांबतो. जुलैच्या पैशांतून मायनं ते दिले. धाकटा सोबत होता. दुकानदारानं वही काढली, आणि माय म्हणाली, "आता मोठ्यानं वाच." त्यानं वाचलं नाही. गुपचूप रेघ मारली. मायनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे रं. तुला तरी कुठं ठावं होतं." हेच तर आहे. मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी चोर शोधायला घरातच गेलो. दूरवरून पैसे पाठवणारा आणि घरी वाट बघणारी, दोघांमध्ये कुणीतरी हात घालतं, आणि दोघं एकमेकांवर संशय घेत बसतात. पैशापेक्षा हे जास्त जातं.

पुढच्या रविवारी येताना मागच्या महिन्याची पावती घेऊन या. नसेल तर घरी फोन करा आणि विचारा, हातात किती पडले. ओरडू नका, नुसतं विचारा. मग इथं बसून तिन्ही आकडे मांडू. ज्याचा फरक सगळ्यांत मोठा, त्याच्या दुकानात आपण चौघं मिळून जाऊ आणि दराची पाटी लावायला सांगू.

जय भीम.